विश्रामबागेतली एक भिंत आणि तिघांच्या आठवणीतले तीन रंग

पार्श्वभूमी

सांगलीत विश्रामबागेत एक दुमजली बंगला आहे. मालकीण निवृत्त शिक्षिका. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणते, म्हणून इथेही बाईच म्हणतो. 2018 च्या दिवाळीआधी त्यांनी सगळं घर रंगवून घेतलं होतं. तेव्हाचा ठेकेदार दुसरा होता, माझा त्या घराशी काही संबंध नव्हता.

2023 च्या फेब्रुवारीत हॉल आणि बाथरूम यांच्यामधल्या भिंतीतला कन्सील पाइप गळायला लागला. प्लंबरने हॉलच्या बाजूने भिंत फोडली, साधारण तीन फूट बाय चार फूट. ओल पॅसेजमध्ये उतरली होती, म्हणून तिथल्या सहा फरश्याही काढाव्या लागल्या. पाइप बदलला, गिलावा झाला, तीन आठवडे वाळू दिला. मग मला बोलावणं आलं. काम सांगताना छोटं वाटत होतं: तेवढ्याच भागाला सपाटीसाठी लांबी, प्रायमर आणि रंगाचे दोन हात. बाकी हॉल चांगला आहे, त्याला हात लावायचा नाही.

बाई तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्यात होत्या आणि आणखी दोन महिने तिकडेच राहणार होत्या. किल्ली शेजारच्या काकूंकडे. पैसे आणि निर्णय मुलाकडे, तोही पुण्यात. त्यामुळे रंग कुठला, हे मला फोनवरून विचारावं लागलं.

अडचण

बाई म्हणाल्या, "अहो, साधा हळदी हो. भडक नाही. दुधात चिमूटभर हळद टाकली की येतो ना, तसला."

मुलगा म्हणाला, "क्रीम आहे. मॅट फिनिश."

काकू किल्ली घेऊन आल्या, दारातूनच म्हणाल्या, "बदामी म्हणा की. भिजवून सोललेल्या बदामासारखा."

तिघंही त्या हॉलमध्ये शेकडो वेळा बसलेली. काकू तर बोलल्या तेव्हा भिंतीपासून दहा फुटांवर उभ्या होत्या, पण बघत होत्या माझ्याकडे. आणि कुणीही खोटं बोलत नव्हतं.

हळदी हा शब्द सांगलीत तर फारच घसरडा. राजापुरी हळद वेगळी दिसते, सेलम वेगळी. अख्खं हळकुंड वेगळं, त्याची पूड वेगळी. यार्डात सौद्याच्या वेळी व्यापारी हळकुंड हातात घेऊन मोडून बघतो आणि मगच भाव बोलतो. हळदीच्या गावात हळदीचा रंग ऐकून कुणी माल घेत नाही, आणि मी मात्र भिंतीचा रंग ऐकून डबा आणायला निघालो.

पहिला प्रयत्न: शेड कार्ड

माझं चुकलं ते इथे. हाताखाली तीन कामं होती, भिंत समोर होती, तरी मी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लावला, पिवळ्या-क्रीम पट्ट्यांचं शेड कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं आणि बाईंना बोट ठेवायला सांगितलं. त्यांनी क्षणात एक पट्टी निवडली. "हाच." आवाजात शंका नव्हती, त्यामुळे मलाही खात्री वाटली. मुलाने मॅट म्हटलं होतं, म्हणून मॅट इमल्शनचा एक लिटरचा डबा टिंटिंग मशीनवर बनवून घेतला.

पहिला हात ओला असताना फरक आहे हे दिसत होतं, पण ओलं इमल्शन बऱ्याचदा फिकट दिसतं आणि वाळल्यावर थोडं गडद होतं, म्हणून माझे रंगारी मिस्त्री म्हणाले, सकाळी बघू. सकाळी आणखी बिघडलं होतं. भिंतीवर कुणीतरी पिवळं पोस्टर चिकटवल्यासारखं ते ठिगळ दिसत होतं. मशीनवर बनवलेला डबा दुकानदार परत घेत नाही, तो माझ्या गोडाऊनमध्ये गेला.

बाईंनी निवडलेली पट्टी आणि खरी भिंत यांत फरक कुठल्या दिशेचा होता, हे बघण्यासारखं आहे. भिंत होती फिकट, मातकट क्रीम, आत गुलाबीची अगदी पुसट झाक. बाईंची पट्टी त्यापेक्षा जास्त पिवळी आणि जास्त स्वच्छ, म्हणजे "पिवळा" म्हटल्यावर जो रंग डोळ्यांसमोर येतो त्याच्या दिशेने सरकलेली. माझ्या कामात आठवणीने निवडलेले रंग बहुतेक वेळा असेच चुकतात. मातकट हिरवा आठवणीत पोपटी होतो, राखाडीकडे झुकणारा निळा आठवणीत आभाळी होतो.

यामागचं कारण असं. दोन पट्ट्या कडेला कडा लावून ठेवल्या तर डोळा फार बारीक फरक पकडतो. पण एक पट्टी खिशात घालून शेजारच्या खोलीत गेलं की डोळ्याकडे तुलनेला काही उरत नाही. मग मन रंगाऐवजी त्याचं नाव लक्षात ठेवतं: पिवळा, क्रीम, बदामी. पुन्हा आठवताना त्या नावातून रंग उभा केला जातो, आणि तो त्या नावाच्या ठरीव नमुन्याकडे ओढला जातो. 1960 साली सी. जे. बार्टलसन यांनी वीट, गवत, आकाश अशा ओळखीच्या वस्तूंचे रंग लोकांना आठवून निवडायला लावले होते. निवडलेले रंग बरेचदा खऱ्या वस्तूंपेक्षा जास्त भडक निघाले. बाईंच्या डोक्यात चार-साडेचार वर्षं "हळदी" हा शब्द होता, त्यामुळे त्यांनी हळदी पट्टी निवडली. मुलाच्या डोक्यात "क्रीम" होतं, त्याने निवडली असती तर डबा पांढऱ्याकडे चुकला असता.

दुसरा प्रयत्न: माळ्यावरचं झाकण

मुलाला आठवलं की 2018 चे उरलेले डबे माळ्यावर आहेत. काकूंच्या नातवाला वर चढवलं. आतला रंग नासून वास मारत होता, पण एका झाकणावर मशीनचं स्टिकर शाबूत होतं. त्यावर शेडचा नंबर, बेस म्हणजे मशीन ज्यात छटा मिसळतं तो मूळ रंग, डब्याचं माप, तारीख. आणि मालाचं नाव बघितलं तर तो मॅट नव्हताच, हलकी चकाकी असलेला इमल्शन होता.

मुलाची मॅटची आठवण तपासायला मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरला. जुन्या भिंतीवर प्रकाशाचा लांब, गुळगुळीत पट्टा उठला. माझ्या मॅट ठिगळावर तोच प्रकाश पसरून मेला. समोरून बघताना हा फरक रंगाचाच वाटतो. चकाकी असलेला पृष्ठभाग एका कोनातून उजळ आणि दुसऱ्या कोनातून गडद दिसतो. त्यामुळे शेड तंतोतंत जमली असती तरी मॅटचं ठिगळ सोफ्यावरून दिसलंच असतं.

आता नंबर होता, बेस होता, मालाचं नाव होतं. मी निश्चिंत झालो. तरी यावेळी थेट भिंतीला हात लावला नाही. दोनशे मिलीचा नमुना बनवून घेतला, हार्डबोर्डच्या तुकड्यावर अगदी कडेपर्यंत दोन हात मारले, एक रात्र वाळवला आणि भिंतीला टेकवून धरला. कडेपर्यंत मारायचं कारण असं की भोवती पांढरी पट्टी राहिली तर डोळा त्या पांढऱ्याच्या मानाने रंग बघतो आणि तुकडा आहे त्यापेक्षा गडद वाटतो.

जमला नाही. बाईंच्या पट्टीइतका पिवळा नव्हता, पण भिंतीपेक्षा पिवळा होता.

मिस्त्रींनी काही न बोलता समोरच्या भिंतीवरची मोठी तसबीर उतरवली, त्या भिंतीलाही 2018 चा तोच रंग होता. तसबिरीमागे एक स्वच्छ चौकोन होता. बोर्ड त्यावर ठेवला तर त्याची कडा शोधावी लागली. म्हणजे नंबर बरोबर होता. बदलली होती ती भिंत. हॉलला पश्चिमेची खिडकी आहे. चार-साडेचार वर्षांच्या उन्हाने पिवळ्या रंगद्रव्याचा भाग थोडा उडाला होता. काही पिवळी आणि लाल रंगद्रव्यं उन्हापुढे लवकर नमतात, मातीच्या जातीची, लोहाच्या ऑक्साइडची, ती टिकतात. वरून धूळ आणि देवघराच्या निरांजनाची काजळी बसली होती, म्हणून एकूण रंग मातकट झाला होता.

निर्णयाची जागा

त्या दिवशी ठरवायचं होतं ते हे की खरा रंग कुठला मानायचा: डब्यावरचा की भिंतीवरचा. उत्तर उघड वाटतं, पण फोनवर मुलगा अर्धा तास म्हणत होता, "नंबर आहे ना, मग तोच मारा." त्याचं म्हणणं एका बाबतीत बरोबर होतं. सगळा हॉल पुन्हा रंगवायचा असता तर तोच नंबर बरोबर ठरला असता. ठिगळासाठी तो चूक होता, कारण ठिगळ शेजारच्या भिंतीला जुळायला हवं, 2018 ला नाही.

पर्याय तीन उरले. पहिला, मिस्त्रींनी अंदाजाने स्टेनर म्हणजे छटा बदलणारा दाट रंग टाकून नमुन्याचा रंग खाली आणायचा. आमच्या मिस्त्रींचा हात चांगला आहे, पण अंदाजाने जमवलेला रंग पुन्हा लागला तर पुन्हा तसा होत नाही. दुसरा, भिंतीचाच तुकडा दुकानातल्या रंग मोजणाऱ्या मशीनला दाखवून नवं मिश्रण काढायचं. तिसरा, अख्खा हॉल रंगवायचा. तो पर्याय मुलाने ऐकूनही घेतला नाही.

आम्ही दुसरा घेतला. तुकडा कुठून काढायचा, यावर मात्र थांबलो. सवयीने लोक स्विचबोर्डच्या प्लेटमागून किंवा तसबिरीमागून काढतात, कारण तिथे खराब झालेलं दिसत नाही. तिथला रंग म्हणजे पुन्हा 2018 चाच. आम्ही ठिगळाच्या अगदी कडेची जागा घेतली, आधी ओल्या फडक्याने पुसून. धूळ मोजायची नव्हती, उन्हाने बदललेला रंग मोजायचा होता. ब्लेडने दीड इंचाचा चौकोन आखला, मागच्या लांबीसकट सावकाश उचलला. मशीनची खिडकी नाण्याएवढी असते, तुकडा तेवढा तरी सपाट आणि अख्खा हवा. पहिला तुकडा उचलताना मोडला, दुसरा निघाला.

दुकानातल्या मुलाने तो मशीनला लावला. स्क्रीनवर मिश्रण आलं आणि तुकडा व मिश्रण यांतल्या फरकाचा आकडा आला 0.6. हा आकडा एकच्या आसपास किंवा खाली असला तर साध्या डोळ्याला फरक सहसा कळत नाही. चकाकीवाल्या इमल्शनमध्ये तो रंग बनवला, पुन्हा बोर्डावर दोन हात, पुन्हा एक रात्र.

संध्याकाळचा घोटाळा

सकाळी दहाला बोर्ड भिंतीवर दिसत नव्हता. काकू म्हणाल्या, "गेला की आत!" संध्याकाळी सातला हॉलमधले एलईडी लावले आणि बोर्डाला हलकी गुलाबी झाक आली. भिंत होती तशीच.

हे पहिल्यांदा बघणाऱ्याला मशीन बिघडलं असं वाटतं. मशीन बरोबर होतं. जुना रंग ज्या रंगद्रव्यांनी बनला होता आणि मशीनने जी वापरली ती वेगळी होती. दोन वेगळी मिश्रणं एका प्रकाशात सारखी आणि दुसऱ्यात वेगळी दिसू शकतात, कारण प्रत्येक दिव्याच्या प्रकाशात कुठल्या रंगाचा वाटा किती, हे वेगळं असतं. 0.6 हा आकडा दिवसाच्या प्रकाशासाठी काढलेला होता. बाईंच्या हॉलमध्ये दिवसा कुणी फारसं बसत नाही, संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर असतात.

म्हणजे ठिगळ दिवसा लपलं असतं आणि नेमकं माणसं बसायच्या वेळी दिसलं असतं. आणखी एक हिशेब तेव्हा केला, तो खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवा होता. भिंत तेरा फूट बाय दहा, मधला दरवाजा वगळला तर एकशे दहा चौरस फूट. त्या इमल्शनचा एक लिटर दोन हात धरून साधारण तेवढंच भागवतो. ठिगळ होतं बारा चौरस फुटांचं, पण डबा तरीही एक लिटरचाच घ्यायचा होता. अख्खी भिंत रंगवायला वाढत होती ती फक्त मिस्त्रींची एका दिवसाची मजुरी. मुलाला हा हिशेब सांगितल्यावर तो लगेच तयार झाला.

कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत रंगवली की नवा आणि जुना रंग सपाट भिंतीवर कडेला कडा येत नाहीत, ते कोपऱ्यात भेटतात. कोपऱ्यात दोन्ही भिंतींवर प्रकाशच वेगळा पडतो, तिथे थोडा फरक डोळा सावली समजून सोडून देतो. मग प्रश्न आला की अख्खीच भिंत रंगवायची तर डब्यावरचा जुना नंबर का नको? आम्ही दोन्ही बोर्ड कोपऱ्यात, शेजारच्या भिंतीला काटकोनात धरून संध्याकाळी बघितले. जुन्या नंबरचा पिवळेपणा कोपऱ्यातही कळत होता, मशीनच्या रंगाची गुलाबी झाक कळत नव्हती. मशीनचा रंग घेतला.

फरश्या

पॅसेजमध्ये नक्षीच्या फरश्या होत्या, पांढऱ्यावर निळी नक्षी. बाईंनी फोनवर वर्णन केलं, "प्रत्येक फरशीवर मधोमध निळं फूल, सहा पाकळ्यांचं." मी खाली बसून बघितलं. एकाही फरशीवर अख्खं फूल नव्हतं. प्रत्येकीच्या एका कोपऱ्यात दोन पाकळ्या होत्या, आणि चार फरश्या फिरवून जोडल्या की मधे आठ पाकळ्यांचं फूल तयार होत होतं. रंगासारखंच इथेही झालं होतं. मनाने फूल ठेवलं होतं, रचना सोडून दिली होती. बाईंचं वर्णन दुकानात सांगितलं असतं तर दुकानदाराने खरंच मधोमध फूल असलेली फरशी काढून दिली असती.

तशी फरशी सांगलीत, मिरजेत मिळाली नाही. मिळाली असती तरी खोक्यावरचा शेड आणि बॅच नंबर जुळल्याशिवाय मी लावली नसती. शेवटी पॅसेजच्या टोकाला चपलांच्या जड कपाटाखालच्या सात फरश्या उचलल्या, एक तडकली, सहा निघाल्या. कपाटाखाली साधी पांढरी फरशी बसवली. बसवताना मिस्त्रींनी प्रत्येकीच्या मागे पेन्सिलने बाण काढला, कुठला कोपरा फुलाकडे, ते समजायला. बाण नसता तर एखादी पाकळी नक्की उलटी गेली असती.

परिणाम

भिंत एका दिवसात झाली. दिवसा ती तीन जुन्या भिंतींपासून वेगळी ओळखता येत नाही. संध्याकाळी माहीत असलेल्या माणसाला डाव्या कोपऱ्यात किंचित कळते. खर्च मुलाच्या पहिल्या अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला. त्यात पहिल्या चुकलेल्या डब्याचे पैसे मी धरले नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

प्लंबरने भिंत फोडली तेव्हा रंगासकट गिलाव्याच्या खपल्या टोपलीभर निघाल्या होत्या. त्यातली एक हाताच्या तळव्याएवढी पिशवीत घालून ठेवली असती तर कडेचा तुकडा कोरायची वेळ आली नसती. ती टोपली माझ्या येण्याआधीच राडारोड्याबरोबर गेली होती.

पहिल्या दिवशी मी रंग विचारायच्या ऐवजी ज्या गोष्टी नीट आठवतात त्या विचारायला हव्या होत्या: कधी रंगवलं, उरलेला डबा कुठे, कुठल्या भिंतीवर ऊन येतं, हॉलमध्ये कधी बसता. या चारही गोष्टी बाईंनी न चुकता सांगितल्या असत्या. शेड मात्र कुणालाच विचारायची नव्हती, मलाही नाही. आता मी काम संपलं की स्टिकरचा फोटो काढतो आणि हॉलच्या स्विचबोर्डच्या प्लेटच्या आतल्या बाजूला नंबर, बेस, मालाचं नाव आणि तारीख मार्करने लिहितो.

मोबाइलवरच्या फोटोबद्दल लोक विचारतात. मी या कामात चार फोटो काढले होते, एकाच भिंतीचे, दिवसभरात. चारही वेगळे आले, कारण कॅमेरा प्रत्येक वेळी आपल्या मनाने पांढरं ठरवतो. फोटो नक्षी, पाकळ्या, मापं सांगायला उत्तम. शेड सांगायला मी तो वापरत नाही.

बाई परत आल्यावर

एप्रिलच्या शेवटी बाई पुण्याहून आल्या. हॉलमध्ये शिरल्या, नवी भिंत बघितली आणि म्हणाल्या, "छान झालंय. पण हा माझा रंग नाही. माझा हळदी होता."

मी शेजारची जुनी भिंत दाखवली. त्या म्हणाल्या, "तीही बदलली की काय?" मग मी शेड कार्ड दिलं, स्वयंपाकघरात नेलं आणि हॉलचा रंग आठवून निवडायला सांगितलं. त्यांनी व्हिडिओ कॉलवरचीच पट्टी निवडली, तीच, दोन महिन्यांनी. ती घेऊन त्या स्वतः भिंतीपाशी गेल्या, टेकवली, काढली, पुन्हा टेकवली.

शेवटी मी तसबीर उतरवली. मागचा चौकोन त्यांच्या पट्टीपेक्षा फिका आणि आताच्या भिंतीपेक्षा पिवळा होता. बाईंनी बराच वेळ त्यावर हात फिरवला. "म्हणजे एवढाच होता होय हळदी," म्हणाल्या, आणि तसबीर पुन्हा खिळ्याला लावायला सांगितली.